व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड: माझं ३.९८, बाहेरच्या लॅबचं ३.८८, पुरवठादाराचं ४.०२. धरायचं कुठलं?

स्वरा_रबाळे · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये क्वालिटी बघते. आम्ही व्हिनेगरमधल्या मिरच्या आणि कांदे भरतो. सिंथेटिक व्हिनेगर ३५ लिटरच्या निळ्या कॅनमधून येतं, लेबलवर ॲसेटिक ॲसिड ४ टक्के. आमची रेसिपी त्या ४ टक्क्यांवर बसवलेली आहे, म्हणून आलेला माल मी स्वतः टायट्रेट करते.

मी केलं ते असं. १० मिली व्हिनेगर पिपेटने घेऊन १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरलं. त्यातले २५ मिली कोनिकलमध्ये घेऊन दोन थेंब फिनॉल्फथॅलीन घातलं आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडलं. वाचनं आली १६.५५, १६.६०, १६.५५. हिशेब केला तर ३.९७९३ टक्के.

याच लॉटचा नमुना बाहेरच्या लॅबला पाठवला होता. त्यांचा रिपोर्ट ३.८८ ± ०.०६ ग्रॅम प्रति १०० मिली. पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवर ४.०२, त्यापुढे काहीच नाही. मालक विचारताहेत की तुझा आकडा खरा की लॅबचा, आणि पुरवठादाराशी बोलायचं तर कुठल्या आकड्यावर. मला माझ्या आकड्यापुढे ± काय लिहावं तेच कळत नाही. कोणी नीट सांगेल का?

---

ऐरोलीकर · सोमवार, रात्री १०:०५

ताई, तुमचं सीबीआर, म्हणजे जुळून येणारं ब्युरेट वाचन, तर उत्तम आलंय. तीन वाचनांमध्ये जेमतेम अर्ध्या भागाचा फरक. माझं एमएस्सीचं दुसरं वर्ष चालू आहे, आम्हाला प्रॅक्टिकलला हेच शिकवलंय की वाचनं जुळली की काम झालं. अनिश्चितता म्हणजे त्या वाचनांचं प्रमाण विचलन. तुमचं येतं ०.०२९ मिली, म्हणजे १६.५७ च्या ०.१७ टक्के. तेव्हा सरळ लिहा ३.९७९ ± ०.००७. मला तर लॅबचाच आकडा संशयास्पद वाटतो, त्यांचं ± तुमच्या आठपट आहे.

---

नौपाडा_ताई · सोमवार, रात्री १०:३१

मी घरी जांभळाचं व्हिनेगर करते, मोठ्या काचेच्या बरणीत. माझ्याकडेही ही अनिश्चितता फार आहे. एकदा झणझणीत आंबट होतं, एकदा मिळमिळीत. गेल्या वर्षी पावसाळ्यात केलेलं तर जमलंच नाही. यावर उपाय असेल तर मलाही सांगा. पीएचच्या पट्ट्या आणल्या होत्या, सगळ्या बरण्या ३ च्या आसपासच दाखवतात.

---

कळव्याचे_काका · सोमवार, रात्री ११:१२

स्वराताई, उद्या सकाळी कामावर गेल्यावर तीन गोष्टी बघून सांगा. कॉस्टिकच्या बाटलीवर ०.१ कोणी लिहिलं आणि कधी? ब्लँक काढला होता का, म्हणजे व्हिनेगर न घालता नुसत्या पाण्याला किती कॉस्टिक लागतं ते पाहिलं होतं का? आणि ते १० मिली कुठल्या पिपेटने घेतलं, मधे फुगा असलेल्या एका खुणेच्या की उभ्या रेघांच्या?

ऐरोलीकर, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वाचनांचं विचलन हिशेबात येतंच. पण ताईंची तिन्ही वाचनं एकाच १०० मिली फ्लास्कमधली आहेत. फ्लास्कमध्ये १० ऐवजी ९.९ मिली व्हिनेगर गेलं असेल तर तिन्ही वाचनं सारखीच कमी येतील आणि एकमेकांशी झकास जुळतील. कॉस्टिक ०.१ नसून ०.०९८ असेल तर तिन्ही सारखीच जास्त येतील आणि तरीही जुळतील. जी चूक तिन्ही वेळा तीच होते ती सीबीआरमध्ये दिसूच शकत नाही. मी बेलापूर रोडच्या कारखान्यांच्या लॅबमध्ये ३१ वर्षं काढली. वाचनं सुंदर जुळलेली आणि आकडा साफ चुकलेला, असे कागद मी स्वतःच्या सहीने दिलेत आणि मग परत मागून घेतलेत.

नौपाडाताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्याकडे व्हिनेगरच दर खेपेला बदलतं. इथे चर्चा आहे ती एकच व्हिनेगर मोजताना आकड्यावर किती भरवसा ठेवायचा याची. तुमच्या जांभळाकडे नंतर येतो.

---

स्वरा_रबाळे · मंगळवार, दुपारी १:२०

काका, बाटलीवर माझ्याआधी काम करणाऱ्या मुलाचं अक्षर आहे, तारीख दोन महिन्यांपूर्वीची. बहुतेक ४ ग्रॅम पेलेट एका लिटरमध्ये विरघळवून केलेलं. ब्लँक काढला नव्हता. पिपेट रेघांची आहे, १० मिली, त्यावर ‘बी’ लिहिलंय. १०० मिलीचा फ्लास्क, २५ मिलीची पिपेट आणि ५० मिलीची ब्युरेट मात्र क्लास ए आहेत.

---

कळव्याचे_काका · मंगळवार, दुपारी ३:०५

मग पहिलं काम कॉस्टिकचं. आत्ता पावसाळा आहे. एक पेलेट काढून वॉचग्लासवर ठेवा आणि काट्याकडे बघत राहा. शेवटचा आकडा थांबणारच नाही, वर चढत राहील, आणि दोन मिनिटांत पेलेट ओलं, चकचकीत दिसायला लागेल. तुम्ही ४.००० ग्रॅम मोजलंत त्यात पाणी किती आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन झालेलं कार्बोनेट किती हे कोणी सांगू शकत नाही. बाटली उघडत राहिलं की द्रावणही तेच करतं. फिनॉल्फथॅलीनच्या रंगापर्यंत कार्बोनेट अर्धंच कामाला येतं, म्हणून कॉस्टिकची ताकद लेबलपेक्षा खाली जाते. कॉस्टिकचं वजन हा त्याच्या ताकदीचा पुरावा नाही. ते केएचपीवर, म्हणजे ज्याच्या वजनावर भरवसा ठेवता येतो अशा कोरड्या आम्लधर्मी क्षारावर, तपासलंच पाहिजे.

केएचपी ११० अंशाला दोन तास वाळवा आणि डेसिकेटरमध्ये गार करा. साधारण ०.५१ ग्रॅम चार दशांशांपर्यंत मोजा, ५० मिली पाण्यात विरघळवा आणि टायट्रेट करा. असं तीन वेगवेगळ्या वजनांवर. डिस्टिल्ड वॉटर कॅनमध्ये पडून असेल तर उकळून, झाकून गार करून वापरा. तेवढंच पाणी आणि तेवढेच थेंब इंडिकेटर घेऊन ब्लँकही काढा. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबायचं. गडद गुलाबी झालं म्हणजे पुढे गेलात.

---

तुर्भे_ट्रेडर · मंगळवार, सायंकाळी ५:४८

मी याच धंद्यात आहे, तेव्हा पुरवठादाराची बाजूही ऐका. लेबलवर ४ टक्के म्हणजे ४ च्या आसपास. कायद्याने किमान ३.७५ लागतं, एफएसएसएआयचं तसं आहे. ३.८८ असो की ३.९८, माल पास आहे. ०.०५ साठी भांडायला लागलात तर धंदा कसा करायचा? दर कॅनमागे कोणी टायट्रेशन करत नाही.

---

स्वरा_रबाळे · बुधवार, रात्री ८:१५

आज दिवसभर हेच केलं. केएचपीचं पहिलं वजन ०.५१०६ ग्रॅम, ब्युरेट २५.५०. ब्लँक ०.१० मिली आला. मला वाटलं होतं शून्य येईल! तो वजा केला तर २५.४०, म्हणजे कॉस्टिक ०.०९८४. बाकी दोन वजनांवर ०.०९८६ आणि ०.०९८५. सरासरी ०.०९८५ धरली.

व्हिनेगरच्या वाचनांतूनही ब्लँक वजा केला, सरासरी १६.४७ झाली. आता उत्तर ३.९० येतंय. बाटलीवरचं ०.१ धरल्यामुळे दीड टक्का आणि ब्लँक न काढल्यामुळे ०.६ टक्का जास्त येत होतं, आणि दोन्ही चुका एकाच बाजूला. म्हणजे ऐरोलीकर, तुमच्या सांगण्यावरून मी ३.९७९ ± ०.००७ लिहून दिलं असतं तर मालकांना ठाम आवाजात चुकीचं सांगितलं असतं. राग मानू नका, मीही तसंच समजत होते.

---

ऐरोलीकर · बुधवार, रात्री ८:५०

राग कसला ताई. पण मग ± काढायचं कसं? प्रत्येक उपकरणावरचं ± घेऊन सगळं बेरीज करायचं का? पिपेट ०.१, फ्लास्क ०.१, ब्युरेट ०.०५, असं? मिलीमध्ये बेरीज केली तर काही अर्थच लागत नाही.

---

कळव्याचे_काका · बुधवार, रात्री १०:२२

मिलीमध्ये नाही, टक्क्यांत. १०० मिलीच्या फ्लास्कवर ०.१ मिली म्हणजे काहीच नाही, तेच ०.१ मिली १० च्या पिपेटवर म्हणजे एक टक्का. सूत्रात या गोष्टींचा गुणाकार-भागाकार आहे, म्हणून प्रत्येकाची टक्केवारी काढायची आणि मग एकत्र करायची.

आता ताईंची पिपेट घ्या. क्लास बी, १० मिली, रेघांची, सहनसीमा ±०.१ मिली. म्हणजे बनवणाऱ्याने एवढंच वचन दिलंय की खरी मात्रा ९.९ ते १०.१ मध्ये असेल. कुठे, ते सांगितलेलं नाही. अशा वेळी ०.१ ला वर्गमूळ ३ ने भागतात, येतात ०.०५८ मिली, म्हणजे ०.५८ टक्के. हेच बाकीच्यांना लावा. २५ ची क्लास ए पिपेट ±०.०३, त्यातून ०.०७ टक्के. १०० चा फ्लास्क ±०.१, त्यातून ०.०६. ब्युरेट ±०.०५, ती १६.४७ वर ०.१८. कॉस्टिकच्या ताकदीत वजनकाटा, त्या वेळची ब्युरेट आणि थेंबाचा अंदाज मिळून मी ०.२० धरतो. तीन वाचनांच्या सरासरीचं विचलन ०.१०.

हे सरळ बेरजेने १.१९ होतात. पण सगळे एकाच वेळी एकाच दिशेला चुकतील असं होत नाही. एक वर तर दुसरा खाली जातो. म्हणून प्रत्येकाचा वर्ग, वर्गांची बेरीज, मग वर्गमूळ. एक्सेलमध्ये सहा आकडे खाली खाली लिहा आणि हे टाका:

```
=SQRT(SUMSQ(B2:B7))
```

येतं ०.६५ टक्के. ३.९० चे ०.६५ टक्के म्हणजे ०.०२५५. त्याला २ ने गुणलं की साधारण ९५ टक्के भरवशाचं ± मिळतं, ०.०५. तेव्हा आजचा तुमचा आकडा ३.९० ± ०.०५ ग्रॅम प्रति १०० मिली. त्यापुढे ‘के = २’ लिहायला विसरू नका, नाहीतर वाचणाऱ्याला कळत नाही की हे एकपट आहे की दुप्पट. ३.९७९३ मधले शेवटचे दोन आकडे आता तुम्हीच खोडाल.

आणि वर्ग करून बघा. एकूण ०.४२७ मध्ये एकट्या पिपेटचे ०.३३६ आहेत. ब्युरेट अजून दहा वेळा नीट वाचलीत तरी उत्तर सुधारणार नाही. ती पिपेट बदला, सगळा फरक तिथे आहे.

---

महापे_बेंच · गुरुवार, सकाळी ७:५५

मी महापेतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये आहे, ज्या लॅबचा रिपोर्ट आहे ती आमची नव्हे. काकांचं गणित बरोबर आहे, एक छोटी गोष्ट जोडते. ब्युरेट दोनदा मोजली गेलीय, कॉस्टिक तपासताना आणि नमुना करताना. तीच ब्युरेट दोन्हीकडे असेल तर तिची चूक बरीचशी एकमेकींना कापते. पण इथे पिपेटच एवढी मोठी आहे की त्याने आकडा हलत नाही.

ऐरोलीकरांना लॅबचं ±०.०६ मोठं वाटलं, त्याचं कारण सांगते. आम्ही एक कंट्रोल व्हिनेगर ठेवतो आणि वर्षभर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी ते चालवतो. त्या वर्षभराच्या पसाऱ्यातून ± येतं. त्यात एसी बंद पडलेला दिवसही येतो आणि नवशिक्याचा एक थेंब जास्तही येतो. ताई, तुम्ही एकाच दिवशी, एकाच हाताने केलंत. तुमचं ± त्या दिवसापुरतं आहे.

तापमानाचंही बघा. कॉस्टिक एसीत २४ अंशाला तपासलं आणि दुपारी प्लांटमध्ये ३२ अंशाला वापरलं तर द्रावण फुगून ताकद साधारण ०.२३ टक्के कमी होते. दोन्ही कामं एकाच खोलीत करा, म्हणजे हा विषयच संपतो.

---

नौपाडा_ताई · गुरुवार, सकाळी ११:१०

माझं जांभळाचं राहिलं. परवापासून वाचतेय, बरंच कळलं. माझ्या भाचीने कॉलेजमधून ब्युरेट आणून एकदा करून पाहिलं होतं, पण व्हिनेगर मुळातच जांभळं, गुलाबी झालेलं कळणार कसं? वर ते आधी करडं, मग हिरवट झालं. भाची म्हणाली होऊ दे, अंदाजाने थांबू.

---

कळव्याचे_काका · गुरुवार, दुपारी १२:४०

ताई, जांभळाचा रंग स्वतःच एक इंडिकेटर आहे, कॉस्टिक सोडा वाढला की तो पालटतो. तेच तुम्हाला दिसलं. फिनॉल्फथॅलीनची गुलाबी छटा त्यात हरवते. दोन वाटा आहेत. एक, व्हिनेगर थोडंच घ्यायचं आणि पाणी भरपूर घालायचं, म्हणजे रंग फिका होतो. खाली पांढरा कागद ठेवायचा. पण मग ब्लँक मोठा होतो, तो काढावाच लागतो. दुसरी खात्रीची वाट पीएच मीटरची. थेंब थेंब सोडा टाकत दर वेळी पीएच लिहायचा. साधारण ८ ते ९ च्या मध्ये एका थेंबाला पीएच उडी मारतो, उडीच्या मध्यावरचं वाचन घ्यायचं.

पट्ट्यांबद्दल: ॲसेटिक सौम्य आम्ल आहे, त्याचं प्रमाण दुप्पट झालं तरी पीएच जेमतेम ०.१५ ने उतरतो. पट्टीवर ते दिसणार नाही. म्हणून तुमच्या सगळ्या बरण्या ३ दाखवतात.

आणि जांभळात ॲसेटिकशिवाय फळाची स्वतःची आम्लंही असतात. सोडा सगळ्यांना सारखाच लागतो. तेव्हा आकडा लिहाल तो ‘एकूण आम्लता, ॲसेटिक म्हणून’ असाच लिहा. सिंथेटिकमध्ये हा प्रश्न येत नाही.

---

नौपाडा_ताई · गुरुवार, दुपारी १:०२

म्हणजे माझी मिळमिळीत बरणी खरंच कमी आंबट असू शकते, पट्टी काही म्हणो. भाचीला मीटर मिळतो का विचारते. धन्यवाद काका.

---

स्वरा_रबाळे · शुक्रवार, रात्री ९:३०

पिपेटचा छडा लावला. महापे_बेंच यांच्याकडून निरोपातून रीत विचारून घेतली. पिपेटने १० मिली पाणी झाकणाच्या बाटलीत सोडायचं आणि वजन करायचं. खोली ३० अंश होती. तीन वेळा केलं: ९.९०, ९.९१, ९.८९ ग्रॅम. ३० अंशाला एक ग्रॅम पाणी म्हणजे १.००५४ मिली, म्हणजे माझी पिपेट १० ऐवजी ९.९५ मिली सोडते. तिने कधी खोटं सांगितलं नव्हतं, वचन ९.९ ते १०.१ चंच होतं. पण दर वेळी अर्धा टक्का व्हिनेगर कमी जात होतं आणि मी आकडा तेवढाच कमी लिहीत होते.

मग मालकांना सांगून फुग्याची क्लास ए पिपेट आणवली, हिची सहनसीमा ±०.०२. या खेपेला एकाच फ्लास्कमधून तीन वाचनं न घेता तीन वेळा वेगळं व्हिनेगर घेऊन तीन फ्लास्क भरले. उत्तरं ३.९१, ३.९३, ३.९२. काकांच्या रीतीने ± काढलं तर आता ०.६५ चं ०.३२ टक्के झालं. म्हणजे ३.९२ ± ०.०३.

मला जी गोष्ट फार आवडली ती ही. बुधवारचं ३.९० ± ०.०५ चूक नव्हतं. त्याने ३.८५ ते ३.९५ सांगितलं होतं आणि नवा आकडा त्याच्या पोटातच पडला. सोमवारच्या माझ्या ३.९७९ ± ०.००७ मध्ये तो कुठेच बसत नाही.

लॅबचं ३.८८ ± ०.०६ सुद्धा ३.९४ पर्यंत जातं, म्हणजे त्यांचं-माझं भांडण उरत नाही. पण पुरवठादाराचं ४.०२?

---

तुर्भे_ट्रेडर · शुक्रवार, रात्री ९:५५

बघा, मी म्हटलं होतं. ३.९२ म्हणजे ३.७५ च्या वर आहे. विषय संपला.

---

महापे_बेंच · शुक्रवार, रात्री १०:२०

दादा, दोन वेगळे प्रश्न आहेत. ३.९२ मधून ०.०३ वजा केले तरी ३.८९, तेव्हा किमान मर्यादेबाबत तुमचं शंभर टक्के बरोबर. पण लेबलवर ४ लिहिलंय आणि ३.९५ पर्यंतच जागा आहे, तेव्हा या कॅनमध्ये ४ टक्के नाही हेही तितक्याच खात्रीने म्हणता येतं. ताईंनी सोमवारच्या ३.९८ वर बोलणी केली असती तर हे दिसलंच नसतं. रेसिपीत त्यांना किती कमी चालतं हे त्या ठरवतील.

४.०२ बद्दल काही म्हणता येत नाही. त्याला ± नाही, के नाही, वजनाने टक्के की ग्रॅम प्रति १०० मिली हेही नाही. या व्हिनेगरची घनता साधारण १.००५ धरली तर दोन्हींत ०.०२ चा फरक पडतो. त्यांनी कॉस्टिक कधी तपासलं तेवढं विचारा.

---

कळव्याचे_काका · शुक्रवार, रात्री १०:४५

आणि ताई, हा ± फक्त त्या कॅनमधल्या व्हिनेगरच्या मोजणीचा आहे. लॉटमध्ये किती कॅन आले? तुम्ही तपासला तो कितवा? लॅबला गेलेला नमुना त्याच कॅनचा होता का?

विचारतोय याचं कारण आहे. सिंथेटिक व्हिनेगर म्हणजे ग्लेशियल ॲसेटिक पाण्यात घातलेलं. ग्लेशियल पाण्यापेक्षा जड, घनता १.०५ च्या जवळ. टाकी नीट ढवळली नाही तर खालचा थर जोरदार राहतो, आणि कॅन भरतात ते खालच्या कॉकमधून. मग पहिले कॅन कडक, शेवटचे सौम्य. एकाच लॉटमध्ये.

---

स्वरा_रबाळे · शनिवार, सायंकाळी ६:०५

सोळा कॅन आले होते. त्यांच्यावर मार्करने नंबर आहेत, भरण्याच्या क्रमाने असावेत असं मला वाटतं, पण हे विचारलेलं नाही. आत्तापर्यंतचा सगळा खटाटोप ९ नंबरच्या कॅनवर होता. लॅबला कुठल्या कॅनमधून पाठवलं ते मी लिहून ठेवलेलंच नाही, ही माझी चूक.

आज २ आणि १४ नंबर केले. त्याच कॉस्टिकने, त्याच पिपेटने, प्रत्येकी तीन फ्लास्क. २ नंबर ४.००. १४ नंबर ३.८७.

फरक ०.१३ आहे. माझं ± ०.०३. दोन्हीकडचे ± मिळवून तपासायचं का?

---

कळव्याचे_काका · शनिवार, सायंकाळी ७:३०

इथे ते लागत नाही. कॉस्टिक तेच, पिपेट तीच, ब्युरेट तीच. त्यांची चूक असेल तर ती दोन्ही कॅनांना सारखीच लागली आणि वजाबाकीत निघून गेली. कॅनांची तुलना करताना उरतो तो फक्त तुमचा हात, म्हणजे फ्लास्क-फ्लास्कमधला पसारा. तुमच्या आकड्यांवरून तो पाहिला तर ०.०२-०.०३ पेक्षा मोठा फरक खरा मानायचा. २ आणि ९ मध्ये ०.०८, ९ आणि १४ मध्ये ०.०५. दोन्ही खरे आहेत.

पुरवठादाराने पहिल्या कॅनातून नमुना घेतला असेल तर त्याचं ४.०२ खोटं नसेलही.

---

ऐरोलीकर · शनिवार, रात्री ८:१०

काका, पण कॅन टेम्पोतून हलत आले. वाशी-तुर्भेच्या रस्त्यावर सगळं मिसळून जाणार नाही का? थर टिकतील कसे?

---

कळव्याचे_काका · शनिवार, रात्री ८:२६

कॅनच्या आत मिसळेल, मान्य. पण २ नंबरचं व्हिनेगर १४ नंबरमध्ये कसं जाईल? फरक कॅन भरतानाच पडला असेल तर टेम्पो तो मिटवू शकत नाही. तरीही तीन कॅनांवरून थराची गोष्ट सिद्ध झाली असं मी म्हणणार नाही. दोन वेगळ्या टाक्यांतून भरलेले असतील तरी असंच दिसेल. अजून ५, १२ आणि १६ करा. नंबराच्या क्रमाने उतरत गेलं तर एक टाकी, उडी मारली तर दोन.

---

तुर्भे_ट्रेडर · शनिवार, रात्री ९:१५

टाकी ढवळायचं म्हणाल तर प्रत्येकाची पद्धत वेगळी. काही जण पंपाने फिरवतात, काही जण ग्लेशियल आधी टाकून वरून पाणी सोडतात. दुसऱ्या पद्धतीत काका म्हणतात तसं होऊ शकतं, हे मी नाकारत नाही. पण पुरवठादाराला फोन करताना ± वगैरे सांगू नका, तो फोन ठेवेल. कॅन नंबर आणि त्यापुढे आकडा, एवढंच पाठवा.

---

महापे_बेंच · शनिवार, रात्री ९:४०

± पाठवाच. कॅन नंबर, आकडा, ± आणि के = २, चार गोष्टी एका ओळीत मावतात. त्याच्या लॅबमध्ये कोणी ना कोणी वाचणारं असेल.

---

स्वरा_रबाळे · शनिवार, रात्री १०:०२

सोमवारी ५, १२ आणि १६ करते. त्याआधी सकाळी केएचपीवर कॉस्टिक पुन्हा बघते, बाटली आठवडाभर उघड-बंद झाली आहे. मालकांना आज एवढंच सांगितलं की आपल्या सोळा कॅनांना एक आकडा लावता येणार नाही. ते म्हणाले, मग मिरच्या कुठल्या कॅनने भरायच्या? तोवर १४ नंबर बाजूला ठेवलाय.